सलग आठदा छेडलेला एकच सूर

"एक सूर रेकॉर्ड केला की झालं, हळू वाजवायचं तर आवाज कमी करायचा." सॅम्पल केलेल्या, म्हणजे खरे सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर वाजवायच्या वाद्याबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी एक कालिंबा माईकसमोर धरून बसलो. सतरा पट्ट्यांचं, अंगठ्यांनी वाजवायचं छोटं वाद्य. बघू म्हटलं, एका सुरात भागतं का.

नाही भागत. हळूच छेडलेली पट्टी जवळजवळ शुद्ध, गोल सूर देते. जोरात छेडली की नख पट्टीवरून झटकन सुटतं, सुरुवातीला 'टिक्' असा खटका येतो आणि मूळ सुराच्या कितीतरी वरचे उपसूर क्षणभर चमकून विरतात. म्हणजे जोराबरोबर आवाजाचा रंगही बदलतो, आणि तो बदल आवाजाच्या बटणात नसतो. म्हणून प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्ड करायची. हेच व्हेलॉसिटी लेअर. कीबोर्डची कळ किती वेगाने दाबली हे मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातली सांकेतिक भाषा, 1 ते 127 या आकड्यात सांगते. मी 45 पर्यंत हळू, 90 पर्यंत मध्यम आणि पुढे जोरात अशी वाटणी केली.

अंगठ्याला मात्र असं तीन पायऱ्यांत वाजवता येत नाही. त्यामुळे मी प्रत्येक पट्टी भरपूर वेळा छेडली, नंतर तुकडे मोजून आवाजाप्रमाणे लावले आणि तीन गठ्ठे केले. इथे एक खड्डा आहे. एसएफझेड या साध्या मजकुरी फाईलच्या पद्धतीत आवाज मुळातच व्हेलॉसिटीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 127 च्या जागी 64 आलं की आवाजाच्या लहरीची उंची पावपट. हळू छेडलेलं रेकॉर्डिंग आधीच बारीक असतं, त्यावर ही कपात आली की सूर ऐकूच येत नाही. ही कपात किती व्हावी ते ठरवणारा `amp_veltrack` मी बराच खाली आणला आणि 90 वरून 91 वर जाताना उडी जाणवेनाशी होईपर्यंत लेअरचे आवाज जुळवले.

आता माझा आवडता भाग. एकच सूर एकाच जोराने सलग आठदा वाजवा. खऱ्या कालिंब्यावर दोन छेडण्या कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत. अंगठा केसभर इकडेतिकडे सुटतो, पट्टी आधीची थोडी थरथरत असते. कॉम्प्युटर मात्र तीच फाईल आठदा वाजवतो, तोच खटका, तीच लहर. सुटा सूर ऐकून कोणाला काही कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी कान खटकन ओळखतो. याला मशीनगन इफेक्ट म्हणतात. उपाय म्हणजे राउंड रॉबिन: एकाच सुराच्या, एकाच जोराच्या अनेक फाईली आळीपाळीने वाजवणे.

```
<group> lovel=46 hivel=90 key=60 seq_length=5
<region> sample=c4_m1.wav seq_position=1
<region> sample=c4_m2.wav seq_position=2
```

(उरलेल्या तीन ओळी तशाच.)

आधी मी चारच फाईली ठेवल्या होत्या. चार मात्रांच्या ठेक्यात दर मात्रेला तोच सूर वाजवला, तर पहिली फाईल कायम पहिल्या मात्रेवर आणि तिसरी कायम तिसऱ्यावर. माझी तिसरी फाईल किंचित लंगडत होती. तिच्या सुरुवातीला सहा मिलिसेकंदांची शांतता कापायची राहून गेली होती. एरवी लक्षात आली नसती, पण प्रत्येक आवर्तनात त्याच जागी अडखळल्यावर चूक चालच होऊन बसते. पाच फाईली केल्या की चार आणि पाच यांचं गणित जुळत नाही. फाईल आणि मात्रा यांची तीच जोडी वीस छेडण्यांनंतरच परत येते, आणि तोवर कान ती विसरलेला असतो. शांतता अर्थातच कापली.

पट्ट्या सतरा, लेअर तीन, फाईली पाच: एकूण 255. जाहिरातींत "इतके गिगाबाइट, वाद्याचा आत्मा" वगैरे असतं. आत्म्याचं मला माहीत नाही, पण फाईली नीट कापल्या-जुळवल्या नसतील तर गिगाबाइट वाढतात आणि लंगडणंही वाढतं.

एवढं करूनही जलद वाजवताना काहीतरी खोटं वाटत होतं. खऱ्या वाद्यात पुन्हा छेडण्यासाठी अंगठा पट्टीला टेकतो तेव्हाच जुना सूर मरतो. कॉम्प्युटरमध्ये जुना सूर चालूच राहतो आणि नवा त्यावर चढतो. मधल्या 'सा'ला मी धरलेला सूर सेकंदाला सुमारे 262 वेळा कंपतो, म्हणजे एक लहर 3.8 मिलिसेकंदांची. नवा सूर पूर्ण लहरींच्या अंतराने आला तर दोन्ही एकमेकांना चढवतात. तोच 1.9 मिलिसेकंद पुढेमागे झाला तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराला खातो. त्यामुळे एकाच जोराने वाजवलेले सूर कारण नसताना लहानमोठे ऐकू येतात. राउंड रॉबिनने हे जात नाही, कारण फाईल वेगळी असली तरी पट्टी तीच. म्हणून नवी छेडणी येताच त्या पट्टीचा जुना सूर काही मिलिसेकंदांत उतरवून बंद करायला लावला, आणि अंगठा टेकल्याचा बारीक 'टप्' वेगळा रेकॉर्ड करून त्या जागी ठेवला.