‘कागदपत्रे पूर्ण’ हा शेरा आला कुठून

शाळेच्या प्रवेशाचा अर्ज पहिल्या टेबलावर येतो, तिथला कर्मचारी कागद पाहतो, ‘पूर्ण’ असा शेरा मारतो आणि फाइल पुढच्या टेबलाकडे सरकते. पुढे जे वाद होतात ते बहुतेक या एका शब्दावरूनच.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच, कारण दाखवायला कागदच फारसे नसत. इंग्लंडमध्ये 1833 च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, तेव्हा जन्मदाखले नव्हते. मूल दिसायला नऊ वर्षांचे वाटते, असा डॉक्टरांचा दाखला चालवून घ्यावा लागे. जन्मनोंदणी तिथे 1837 मध्ये सुरू झाली. 1855 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने शाळेत येण्यासाठी देवीची लस सक्तीची केली. असे एकेक करत पुरावे वाढत गेले.

खरा बदल केला तो झेरॉक्सने. साध्या कागदावर छायाप्रत काढणारे यंत्र 1959 मध्ये बाजारात आले. त्याआधी नक्कल बहुधा हाताने उतरवावी किंवा टाइप करावी लागे, मग कुणीतरी मुळाशी ताडून खाली ‘खरी नक्कल’ लिहून सही करी. म्हणजे नक्कल होतानाच कागद एकदा तरी वाचला जाई. छायाप्रत मात्र कुणी न वाचता निघते. प्रती सोप्या झाल्या तशी शाळा जास्त कागद मागू लागल्या, गठ्ठे वाढले आणि कामाची वाटणी झाली: एका टेबलाने कागद जमा करायचे, दुसऱ्याने पडताळायचे. फाइलच्या वर यादीची चिठ्ठी लागली ती बहुधा या वाटणीमुळे. चिठ्ठीवर प्रत्येक कागदासमोर एकच चौकोन होता, आणि माझ्या मते घोळ तिथेच रुजला.

तो घोळ कसा होतो ते एका फाइलवर पाहू. चिठ्ठीवर पाच नावे आहेत: जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा, फोटो. पाचही कागद आहेत, पाचही चौकोनांत खूण आहे. अर्जावर आणि जन्मदाखल्यावर जन्मतारीख 4-7-2017 आहे. आधीच्या शाळेच्या दाखल्यावर अंकात 7-4-2017 आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, कुणी महिना आधी लिहिला असेल, तारीख तीच. पण दाखल्यावर तारीख अक्षरीही असते, आणि तिथे ‘सात एप्रिल’ आहे. म्हणजे हा लिहिण्याच्या पद्धतीचा फरक नाही, आधीच्या शाळेच्या नोंदीतच चूक आहे. ती दुरुस्तीही तीच शाळा करू शकते. नव्या शाळेतल्या कुणीही दाखल्यावर पेन चालवायचे नाही.

ही फाइल पूर्ण की अपूर्ण? पहिले टेबल म्हणते, पाचही कागद मिळाले, माझे काम झाले. दुसरे म्हणते, ही पुढे पाठवलीच कशी? दोघेही आपापल्या अर्थाने बरोबर आहेत, कारण ‘पूर्ण’ या एका शब्दात तीन प्रश्न कोंबले आहेत: कागद मिळाला का, तो वाचता येतो का, आणि बाकीच्या कागदांशी जुळतो का. पहिल्या टेबलाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तिसऱ्यात विसंगती दिसली तर निर्णय न देता फक्त नोंदवावी: ‘दाखल्यावरील जन्मतारीख अक्षरी सात एप्रिल, जन्मदाखल्यावर चार जुलै.’ नुसते ‘तारीख तपासा’ लिहिले तर पुढचा माणूस पाचही कागद पुन्हा उलटतो.

ऑनलाइन अर्ज आल्यावर चौकोनाची जागा लाल तारांकनाने घेतली. तारांकित रकान्यात फाइल चढवली की संगणक अर्ज पूर्ण मानतो. बहुतेक ठिकाणी तो फाइलचा आकार आणि प्रकार तेवढा पाहतो. जन्मदाखल्याची मागची बाजू राहिली, शिक्का फोटोत कापला गेला, एकाच कागदाचा फोटो दोन रकान्यांत चढला, तरी हिरवी खूण उमटते. म्हणून प्रत्येक फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहण्याचे काम माणसाकडेच राहिले, फक्त आता ते पडद्यावर होते.

सगळ्यात जास्त भांडण मात्र तारखेवरून होते. अर्ज मुदतीत आला, एक कागद मुदतीनंतर आला, तर अर्जाची तारीख कोणती? जागा थोड्या असतील तिथे पालक सोमवारची पोच दाखवतो आणि कार्यालय गुरुवारचा ‘पूर्ण’ शेरा. काही शाळा आवक तारीखच धरतात. काही शाळा पूर्ततेची तारीख धरतात. नाहीतर कोरा अर्ज टाकून जागा अडवता येईल, असे त्यांचे म्हणणे. ती भीती खोटी नाही. तरीही मला पहिली बाजू पटते, कारण वरच्या फाइलमधली चूक पालकाची नव्हती, आणि ती दुरुस्त व्हायला लागणारे दिवसही त्याच्या हातात नव्हते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या आणि त्रुटी कळवल्याचा दिवस तिसऱ्या रकान्यात नोंदवला, तर उशीर कुणाकडे झाला ते नंतर दिसते. जिथे अजून एकच ‘दिनांक’ असा रकाना आहे, तिथे पहिल्या टेबलावरचा कर्मचारी त्या दिवशी जे सुचेल ते लिहितो, आणि वाद आला की उत्तरही त्यालाच द्यावे लागते.