पासबुकावरचं दुसरं नाव आणि नॉमिनी: फाईलमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या का लिहायच्या

घरातल्या आर्थिक कागदांची फाईल लावताना बहुतेक जण प्रत्येक खात्यापुढे एकच गोष्ट लिहितात: ‘आईचं नाव आहे’. पण आईचं नाव दोन प्रकारे असू शकतं. ती संयुक्त खातेदार असेल किंवा नॉमिनी असेल. बँकेच्या काउंटरवर या दोन्हींचा अर्थ पार वेगळा निघतो. नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार जिवंत असताना, मग तो आयसीयूत का असेना, नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. संयुक्त खातेदाराला काढता येतो, पण तोही नेहमी नाही. ते खातं कसं चालवायचं म्हणून बँकेला काय लिहून दिलं आहे, त्यावर सगळं ठरतं.

अडचणीच्या वेळी कागद सापडत नाहीत हे खरंच आहे. पण कागद हातात असूनही पैसे न निघणं जास्त जिव्हारी लागतं, आणि ते व्हायचं कारण बहुधा हेच असतं.

एक उदाहरण घेऊ. नाशिकचे एक गृहस्थ, वय 72, केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त. फाईल अगदी टापटीप: पासबुकं, एफडीच्या पावत्या, पॉलिस्या, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी पत्नी, शिल्लक 3,10,000. दुसरं बचत खातं पत्नीसोबत, ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’, शिल्लक 42,000. पाच लाखांची एक एफडी, तीही पत्नीसोबत ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’, मुदत संपायला 11 महिने. तीन लाखांची आणखी एक एफडी, पत्नीचं नाव दुसरं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. पीपीएफ खातं. म्युच्युअल फंडात साडेचार लाख, तिथंही पत्नी दुसरी धारक. थोडक्यात, पत्नीचं नाव नाही असं एकही खातं नाही.

एका रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जवळच्या खाजगी हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि तिथं आधी दोन लाख भरायला सांगितले. साहेब बेशुद्ध. अशा वेळी पत्नीला स्वतःच्या एकटीच्या सहीनं किती काढता येतील? 42,000.

पेन्शन खात्यात ती फक्त नॉमिनी आहे, म्हणजे आज तिथं तिला काहीच अधिकार नाही. पीपीएफचंही तेच. पीपीएफ संयुक्त नावानं काढताच येत नाही, त्यामुळे तिथं नॉमिनीशिवाय दुसरा मार्गच नसतो. एटीएम कार्ड आणि पिन घरात माहीत असतो म्हणून पुष्कळ ठिकाणी वेळ निभावते, पण तो अधिकार नव्हे. रोजची मर्यादा असते, कार्ड मशीनमध्ये अडकू शकतं, आणि खातेदार गेल्यावर तेच कार्ड वापरणं हा सरळ गैरव्यवहार होतो.

आता पाच लाखांची एफडी. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही, असं आपण धरून चालतो. बचत खात्यात ते बरोबर आहे. एफडीत ते फक्त मुदत पूर्ण झाल्यावर बरोबर आहे. मुदतीआधी एफडी मोडायची तर दोघंही हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात. रिझर्व्ह बँकेनं बँकांना तसंच सांगितलेलं आहे. तेव्हा 11 महिने बाकी असलेली ही एफडी त्या रात्रीपुरती बंदच.

तीन लाखांच्या एफडीची गोष्ट आणखी फसवी आहे. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो जिवंत असेपर्यंत व्यवहार त्याचाच. दुसऱ्या नावाला अधिकार मिळतो तो पहिल्याच्या पश्चात. पावतीवर दोन नावं छापलेली दिसतात, पण आजारपणात दुसऱ्या नावाची अवस्था जवळजवळ नॉमिनीसारखीच असते. काही वडीलधारी मंडळी हा पर्याय मुद्दाम निवडतात, कारण हयातीत ताबा आपल्याच हातात राहतो. त्यात चूक काही नाही. मात्र फाईलमध्ये ते ‘संयुक्त’ एवढंच लिहिलं, तर घरचे चुकीच्या भरवशावर राहतात.

म्युच्युअल फंडात धारणेची पद्धत ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दुसरी धारक एकटी युनिट विकू शकते. तरीही एक मेख आहे. विक्रीचे पैसे फोलिओला जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात. आपल्या उदाहरणात ते खातं म्हणजे एकट्याच्या नावावरचं पेन्शन खातं. पत्नीनं युनिट विकली तरी रक्कम जाऊन पडेल तिथंच, जिथून ती काढू शकत नाही. शिवाय फॉर्म भरताना पद्धत निवडलीच नसेल तर ती ‘जॉइंट’ धरली जाते, म्हणजे प्रत्येक विक्रीला सगळ्यांची सही लागते.

माणूस शुद्धीवर आहे पण हात चालत नाही, अशा वेळेसाठी बँकांना नियम घालून दिलेला आहे. चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर हाताचा, नाहीतर पायाचा अंगठा घेता येतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, तीही अशाच दोन साक्षीदारांसमोर. पैसे कोण घेऊन जाणार हे खातेदारानं दाखवायचं. शाखेत हे माहीत नाही असं उत्तर मिळालं तर मॅनेजरला भेटून नियमाचा उल्लेख करावा आणि अधिकारी हॉस्पिटलात पाठवण्याची लेखी विनंती द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र हा मार्गही बंद होतो. मुखत्यारपत्र तिथं कामाला येईल असं अनेकांना वाटतं, पण देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र टिकत नाही, आणि मृत्यूबरोबर तर ते संपतंच. मग उरतो तो कोर्टाकडून पालक नेमून घेण्याचा रस्ता, आणि तो हॉस्पिटलच्या बिलाच्या वेगानं चालत नाही.

मृत्यूनंतरचं चित्र नेमकं उलटं होतं. आता नॉमिनी पुढे येतो. मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रं आणि बँकेचा दाव्याचा अर्ज दिला की सर्वसाधारणपणे वारस दाखला न मागता बँकेनं पैसे द्यायचे असतात, कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांच्या आत. नॉमिनी नसेल आणि खातं एकट्याचं असेल, तर सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, रक्कम मोठी असेल तर कोर्टाचे कागद, असा लांबचा फेरा पडतो. ‘सर्व्हायव्हर’ पद्धतीच्या संयुक्त खात्यात मागे राहिलेला खातेदार मृत्यूचा दाखला देऊन खातं पुढे चालवतो, तिथं नॉमिनीला मध्ये यायचं कारण नसतं. संयुक्त खात्यावर नॉमिनी लावलेला असला तरी त्याची पाळी सर्व खातेदार गेल्यावरच येते. ‘मुलाला नॉमिनी केलंय, बाबा गेल्यावर अर्धे त्याला मिळतील’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

एफडी इथंही अडवते. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’मधला एक जण मुदतीआधी गेला, तर उरलेल्याला ती लगेच मोडता येईलच असं नाही. तशी परवानगी दोघांनी आधी लेखी देऊन ठेवली नसेल, तर बँक गेलेल्याच्या वारसांची संमती मागते. ही परवानगी एफडी करतानाच देता येते, नंतरही देता येते. अर्जातली ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. आपल्या सगळ्या एफड्यांसाठी ती दिली आहे का, हे शाखेत विचारून पावतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवावं.

आणखी एक बाब, कारण भाऊबंदकी इथूनच सुरू होते. बँकेत पैसे नॉमिनीच्या हातात येतात ते वारसांच्या वतीनं. मालकी ठरते मृत्युपत्रानं, आणि ते नसेल तर वारसा कायद्यानं. मागे राहिलेल्या संयुक्त खातेदारालाही हेच लागू आहे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात 2015 पासून अपवाद आहे: स्वतःच्या पॉलिसीवर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ती रक्कम सहसा त्यांचीच ठरते.

फाईलच्या पहिल्या पानावर म्हणूनच प्रत्येक खात्यापुढे दोन रकाने हवेत. एकात ‘आजारपणात कोणाची सही चालेल’, दुसऱ्यात ‘निधनानंतर कोण मागेल’. पाच लाखांच्या एफडीची नोंद अशी दिसेल: आजारपणात दोघांची सही, मुदतीनंतर कोणा एकाची, निधनानंतर पत्नी, मुदतपूर्व परवानगी दिली आहे किंवा नाही, मुदत संपल्यावर पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणता. पासवर्ड आणि पिन या पानावर नकोत. माहिती आठवणीनं भरू नये. पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि एफडीच्या पावतीवर खातं चालवण्याची पद्धत छापलेली असते, नॉमिनी नोंदला असेल तर तसा शेरा असतो. फंडांचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर मिळतं, त्यात धारणेची पद्धत आणि नॉमिनी पाहून घ्यावेत. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनीपर्यंत ठेवता येतात, तेव्हा जुना एकच नॉमिनी असेल तर तो अजून हयात आहे का, हेही त्याच वेळी तपासावं. दिवंगत आई अजून नॉमिनी आहे अशी खाती पुष्कळ घरांत सापडतात.

नाशिकच्या त्या घरात आधी काय करता आलं असतं? केंद्र सरकारी पेन्शनचं खातं पत्नीसोबत ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं संयुक्त ठेवता येतं आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात येऊ शकतं. एवढा एक अर्ज दिला असता तर 3,10,000 हाताशी आले असते आणि फंडाच्या विक्रीची वाटही मोकळी झाली असती. पाच लाखांच्या एकाच एफडीऐवजी वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या चार-पाच एफड्या केल्या असत्या, आणि मुदतीनंतर रक्कम संयुक्त बचत खात्यात जमा करायची सूचना दिली असती, तर एका सहीचे पैसे दर दोन-तीन महिन्यांनी मोकळे होत राहिले असते.

मात्र सगळी खाती सरसकट ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ करून टाकू नयेत, विशेषतः मुलांसोबत. त्या पद्धतीत दुसऱ्याला आजच पूर्ण शिल्लक काढण्याचा अधिकार मिळतो आणि बँक पहिल्याला विचारत नाही. जोडीदारासोबत दोन-तीन महिन्यांचा खर्च अधिक हॉस्पिटलची आगाऊ रक्कम एवढं अशा खात्यात ठेवावं. बाकीच्या पैशांना एकटं नाव आणि नोंदवलेला नॉमिनी पुरेसा आहे.