जबड्याची शस्त्रक्रिया आणि तिच्या आधीचे दीड वर्ष

खालचा जबडा इतका पुढे आलेला असतो की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, अशा रुग्णाची मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी करताना दात सरळ करणारा तज्ज्ञ, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, आधी ब्रेसेस लावतो आणि वर्ष-दीड वर्षात दातांची ठेवण आणखी वाईट दिसू लागते. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे उलटे वाटते; त्यामागचे कारण या उपचाराच्या इतिहासात सापडते.

जबड्याचे हाड कापून दातांची ठेवण सुधारण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न सायमन हलिहेन यांनी अमेरिकेतील व्हीलिंग येथे 1849 साली प्रसिद्ध केला. भाजल्याच्या व्रणामुळे जबडा वेडावाकडा वाढलेल्या एका तरुणीवर त्यांनी ती शस्त्रक्रिया केली होती. 1897 मध्ये सेंट लुईस येथे व्हिलरे ब्लेअर यांनी पुढे आलेल्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचा हाडाचा तुकडा काढून जबडा मागे घेतला. पुढे ब्लेअर यांनीच लिहून ठेवले की, हे काम शल्यचिकित्सकाचे असले तरी सक्षम ऑर्थोडॉन्टिस्ट जितक्या लवकर सोबत येईल तितके चांगले. हा सल्ला मात्र कित्येक दशके पूर्णपणे अमलात आला नाही. दात जसे असतील तसे ठेवून जबडा सरकवला जाई, आणि दोष वरच्या जबड्यात असला तरी बहुधा खालचाच कापला जाई.

तंत्रातला मोठा बदल शल्यचिकित्सक ह्यूगो ओब्वेगेसर यांच्यामुळे झाला. खालच्या जबड्याचा मागचा भाग तोंडातूनच उभा चिरून त्याचे दोन थर एकमेकांवरून सरकवण्याची त्यांची पद्धत ट्राउनर यांच्यासह 1957 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि दोन्ही थरांची रुंद पृष्ठे भिडल्यामुळे हाड चांगले सांधते, म्हणून मूळ कल्पना आजही तीच आहे. 1960च्या दशकात त्यांनी वरचा जबडा पूर्ण मोकळा करून पुढे आणण्याचे तंत्रही रूढ केले. असे मोकळे केलेले हाड रक्ताअभावी मरेल, ही भीती विल्यम बेल यांनी माकडांवरील प्रयोगांतून दूर केली. टाळूच्या आणि हिरड्यांच्या मऊ ऊतींमधून पुरेसे रक्त पोहोचते, हे त्यांनी दाखवले.

आता दोन्ही जबडे हवे तिथे नेता येत होते. पण ते किती सरकवायचे, हे दात ठरवतात. जबड्यांतील तफावत झाकण्यासाठी शरीर वर्षानुवर्षे दात वाकवत असते : वरचे पुढचे दात ओठाकडे झुकतात आणि खालचे जिभेकडे. समजा, खालचे दात वरच्या दातांच्या 4 मिलिमीटर पुढे आहेत. ऑर्थोडॉन्टिस्ट वरचे दात 3 मिलिमीटर मागे आणि खालचे 3 मिलिमीटर पुढे आणून सरळ उभे करतो, तेव्हा ही तफावत 10 मिलिमीटर होते. जबड्यांतला खरा दोष एवढा होता. वरचे दात 2 मिलिमीटर पुढे हवेत, म्हणून जबड्यांची एकूण हालचाल 12 मिलिमीटर ठरते. ती सगळी खालच्या जबड्यातून घेतली, तर जिभेमागचा श्वासमार्ग अरुंद होतो आणि जबडा पुन्हा पुढे येण्याचा धोका वाढतो; सगळी वरच्यातून घेतली, तर नाकाचा पाया रुंदावतो. म्हणून वरचा 5 मिलिमीटर पुढे आणि खालचा 7 मिलिमीटर मागे, अशी वाटणी शल्यचिकित्सक आणि ऑर्थोडॉन्टिस्ट मिळून करतात. दात सरळ न करताच शस्त्रक्रिया केली असती, तर जबडा 6 मिलिमीटर सरकताच दात भिडले असते आणि चेहऱ्यातला निम्मा दोष तसाच उरला असता. माझ्या मते संयुक्त नियोजनाचे सगळे मर्म या हिशोबात आहे.

ठरलेला आकडा शस्त्रक्रियागृहात नेण्याचे साधन म्हणजे स्प्लिंट, म्हणजेच दातांचे ठसे असलेली ॲक्रिलिकची पातळ पट्टी. पहिली पट्टी अजून न कापलेल्या जबड्याच्या आधाराने दुसऱ्या जबड्याची नवी जागा दाखवते, तर दुसरी अंतिम चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतील ते, ठरवते. पूर्वी यासाठी प्लास्टरचे साचे करवतीने कापत. आता बहुधा सीटी स्कॅनवरून संगणकात नियोजन होते. जबड्याची वाढ थांबली आहे, हे काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले बाजूचे क्ष-किरण चित्र ताडून आधी पाहतात, कारण नंतरही खालचा जबडा वाढत राहिला तर सगळे गणित कोलमडते.

एकेकाळी शस्त्रक्रियेनंतर जबडे सुमारे सहा आठवडे तारांनी बांधून ठेवत. टायटेनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंमुळे आता बहुधा केवळ रबरबँड पुरतात. पण आधी पातळ आणि मग मऊ आहार पहिले सहा आठवडे तरी घ्यावाच लागतो आणि वजन घटते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे आरसा तेव्हा काहीच खरे सांगत नाही. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणे नेहमीचे आहे, कारण तिथली संवेदनेची नस कापलेल्या हाडातूनच जाते. बधिरता बहुतेकांमध्ये महिन्यांनी कमी होते, तरी काहींमध्ये थोडी कायम राहते, आणि ही गोष्ट संमतीपूर्वीच स्पष्ट सांगायला हवी. सूज कमी होत असताना ती एका बाजूने पुन्हा वाढली, ताप आला, किंवा कालपर्यंत जुळणारा चावा अचानक बदलला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता शल्यचिकित्सकाला दाखवावे : पहिल्या दोन लक्षणांमागे जंतुसंसर्ग आणि तिसऱ्यामागे सैल झालेला स्क्रू असू शकतो. हाड पुरेसे सांधले की ऑर्थोडॉन्टिस्ट सुमारे सहा महिने दातांची उरलेली जुळणी करतो आणि मग दात जागेवर टिकवणारा रिटेनर देतो.