कॉल थकला तर तुमच्या शेअरचं काय होतं?
पार्टली पेड शेअरधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात डिमॅटच्या कामासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांकडे हल्ली राइट्स इश्यूतले हप्त्याचे, म्हणजे पार्टली पेड शेअर असतात. पहिला हप्ता सगळे उत्साहाने भरतात. पुढचे हप्ते, ज्यांना कंपनी 'कॉल' म्हणते, ते राहून जातात किंवा भाव पडला म्हणून मुद्दाम सोडून दिले जातात. मुद्दाम सोडणाऱ्यांचा हिशेब सहसा चुकतो, म्हणून हे पत्रक.

हप्त्याने शेअर देण्याची पद्धत जुनीच आहे. रिलायन्सचा २०२० चा राइट्स इश्यू अनेकांना आठवत असेल. १,२५७ रुपयांच्या शेअरसाठी अर्जासोबत ३१४.२५ रुपये, मे २०२१ मध्ये पुन्हा तेवढेच आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेले ६२८.५० रुपये भरायचे होते. सगळे पैसे भरेपर्यंत असा शेअर डिमॅटमध्ये वेगळ्या आयएसआयएन क्रमांकाखाली दिसतो आणि बाजारात त्याचा भावही वेगळा चालतो. शेवटचा कॉल भरला की तो नेहमीच्या पूर्ण भरलेल्या शेअरमध्ये बदलून मिळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याकडे एका कंपनीचे २०० शेअर आहेत. दर्शनी किंमत १० रुपये, प्रीमियम ४० रुपये, म्हणजे एका शेअरला ५० रुपये. अर्जासोबत शेअरमागे १२.५० आणि पहिल्या कॉलला १२.५० असे मिळून ५,००० रुपये तुम्ही भरलेत. शेवटचा कॉल शेअरमागे २५ रुपयांचा, म्हणजे आणखी ५,००० रुपये. दरम्यान पूर्ण भरलेल्या शेअरचा भाव ४० वर आला. तुम्ही म्हणता, ५० ला पडणारा शेअर बाजारात ४० ला मिळतोय, मग उरलेले पैसे कशाला घालू?

गणित इथेच फसतं. आधीचे २५ रुपये तर गेलेलेच आहेत. आता आणखी २५ भरले की हातात ४० रुपयांची वस्तू येते. म्हणजे तुमच्या अर्धवट शेअरला आजही साधारण १५ रुपयांची किंमत आहे. कॉल भरायचा नसेल तर तो बाजारात विका, २०० शेअरचे जवळपास ३,००० रुपये सुटतील. सोडून दिलात तर तेही जातील. मात्र विकायचं तर कॉलच्या रेकॉर्ड डेटच्या आधी. रेकॉर्ड डेटच्या सुमारास पार्टली पेड शेअरचे व्यवहार सहसा थांबवतात आणि त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर असतो, कॉलची सूचना त्यालाच जाते. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा. बाजारात स्वस्त दिसला म्हणून पार्टली पेड शेअर घेतलात, तर त्याचा पुढचा कॉल तुमच्या गळ्यात.

मुदतीत पैसे भरले नाहीत की ती रक्कम थकबाकी होते. त्यावर व्याज किती, हे कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या नियमावलीत दिलेलं असतं. कंपनी कायदा २०१३ सोबत जी नमुना नियमावली आहे, तिचं नाव टेबल एफ. त्यात थकलेल्या कॉलवर वर्षाला १० टक्के किंवा संचालक मंडळ ठरवेल तो त्याहून कमी दर आहे, आणि मंडळाला व्याज माफही करता येतं. आपल्या उदाहरणात तीन महिने उशीर झाला तर १० टक्क्यांनी सव्वाशेच्या आसपास व्याज होईल. रक्कम किरकोळ आहे. पण थकबाकी असताना त्या शेअरवर सभेत मत देण्याचा हक्क सहसा राहत नाही, आणि लाभांश जाहीर झाला तर त्यातून कंपनी आपले पैसे कापून घेऊ शकते.

पहिला कॉल चुकला म्हणून लगेच शेअर जप्त होत नाही. टेबल एफनुसार कंपनीला आधी वेगळी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून किमान १४ दिवसांची मुदत द्यायची, थकीत रक्कम आणि व्याज मागायचं, आणि पैसे न आल्यास शेअर जप्त होऊ शकतील हे स्पष्ट लिहायचं. त्या मुदतीतही पैसे आले नाहीत, तरच संचालक मंडळ ठराव करून शेअर जप्त करू शकतं. न्यायालयं या पायऱ्यांबाबत कडक असतात. नोटिशीतून नेमके किती पैसे भरायचे हे कळत नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने एक जप्ती रद्दबातल ठरवली होती. म्हणून नोटीस फेकून देऊ नका, रकमेचा तपशील बघा.

पण नोटीस हातात पडायला हवी. ठाण्यात सध्या जिथे तिथे रिडेव्हलपमेंट चालू आहे. जुनी बिल्डिंग पाडली, कुटुंब दोन-तीन वर्षांसाठी घोडबंदर रोडला किंवा खारघरला भाड्याने गेलं आणि डिमॅटमध्ये पत्ता मात्र पाडलेल्या बिल्डिंगचाच, असं आम्ही वारंवार पाहतो. ईमेलही बरेचदा मुलाच्या जुन्या कंपनीतला असतो. नोंदीतल्या पत्त्यावर नोटीस पाठवली की कंपनीची बाजू भक्कम होते. 'आम्हाला मिळालीच नाही' हे नंतर सांगून फारसं काही साधत नाही.

आता जप्ती झाली असं धरू. तुमचं नाव त्या शेअरपुरतं सभासद म्हणून निघून जातं आणि भरलेले ५,००० रुपये परत मिळत नाहीत. प्रत्येक हप्त्यात दर्शनी किंमत आणि प्रीमियम १० ला ४० याच प्रमाणात धरले, तर त्यातले दर्शनी किमतीपोटीचे १,००० रुपये कंपनीच्या पुस्तकात जप्त शेअरच्या खात्यात जातात, प्रीमियमचे ४,००० प्रीमियम खात्यातच राहतात. कंपनी हे शेअर दुसऱ्याला विकू शकते. फक्त सूट द्यायची तर ती दर्शनी किमतीतल्या जप्त रकमेपुरतीच. म्हणजे इथे १० रुपयांचा शेअर पूर्ण भरलेला म्हणून ५ रुपयांच्या खाली देता येणार नाही. ८ ला दिला तर शेअरमागे २ रुपये त्या खात्यातून भरून निघतात आणि शिल्लक ६०० रुपये भांडवली राखीव निधीत जातात. तुमच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आणि हे सर्वांत कमी लोकांना ठाऊक असतं. शेअर गेले तरी देणं जात नाही. टेबल एफनुसार जप्तीच्या तारखेला जे पैसे थकलेले होते, ते कंपनीला पूर्ण मिळेपर्यंत माजी शेअरधारक देणेकरी राहतो. बाजारभाव २५ च्याही खाली गेला आणि कॉल सोडून देणंच शहाणपणाचं वाटू लागलं, तर निर्णयाआधी हे कलम त्या कंपनीच्या आर्टिकल्समध्ये नक्की वाचा. छोट्या रकमेसाठी कंपन्या सहसा कोर्टात जात नाहीत, पण जाणार नाहीत असं आम्ही लिहून देऊ शकत नाही.

जप्तीनंतरही एक फट उरते. शेअर दुसऱ्याला विकले जाण्याआधी संचालक मंडळ योग्य वाटतील त्या अटींवर जप्ती रद्द करू शकतं. तो त्यांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. तेव्हा थकबाकी आणि व्याज भरण्याची तयारी दाखवणारा अर्ज कंपनी सेक्रेटरीच्या नावे करायचा आणि प्रत कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारला द्यायची, तीही लवकरात लवकर. शेअर एकदा नव्या माणसाच्या नावावर चढले की आमच्याही हातात काही राहत नाही.

याबाबत ऑफिसात येणार असाल तर डिमॅटचं ताजं स्टेटमेंट, कॉल लेटर किंवा नोटीस, आणि आधीचे हप्ते भरल्याची बँकेची नोंद सोबत आणा. पत्ता किंवा ईमेल बदलायचा असेल तर आधार आणि पॅनही आणा, ते काम त्याच दिवशी अर्ज भरून मार्गी लावू.