पट्टा थांबल्यानंतरची मिनिटे : स्ट्रेस टेस्टच्या ईसीजीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावाहून नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवल्या जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलीत स्ट्रेस टेस्टचा, म्हणजेच टीएमटीचा, अहवाल असतो; पण पुष्कळदा त्यात रुग्ण पट्ट्यावर चालत असतानाचीच पाने असतात आणि चालणे थांबल्यानंतरची गळालेली असतात. ही चाचणी मुळात विसाव्यावरूनच वाचली जात असे. त्यामुळे ती पाने का गळू नयेत हे समजून घेण्यासाठी तिच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

श्रमाने छातीत कळ येणाऱ्या रुग्णांचा ईसीजी श्रमामुळे बदलतो, हे फाइल आणि सीगल या अमेरिकी डॉक्टरांनी 1928 साली नोंदवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्थर मास्टर यांनी ओपनहायमर यांच्यासह दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. नऊ इंच उंचीच्या पायऱ्या वय, वजन आणि लिंग पाहून ठरवलेल्या संख्येइतक्या वेळा चढायच्या-उतरायच्या, आणि नाडी व रक्तदाब किती वेळात पूर्ववत होतात ते पाहायचे, असे तिचे स्वरूप होते. त्यात सुरुवातीला ईसीजी नव्हताच. 1941 मध्ये मास्टर आणि जॅफी यांनी त्याला ईसीजीची जोड दिली. हलत्या माणसाची पट्टी वाचण्याजोगी येत नसे, म्हणून रुग्ण पायऱ्या उतरून आडवा झाल्यावरच ती काढली जाई. म्हणजे त्या काळी ‘स्ट्रेस टेस्टचा ईसीजी’ म्हणजे विसाव्याचाच ईसीजी होता. चाचणी कधी थांबवायची हा प्रश्नही फारसा नव्हता, कारण तक्त्यातल्या फेऱ्या संपल्या की ती संपत असे. धोक्याची जाणीव मात्र होती. वुड आणि वोलफर्थ यांनी 1931 मध्येच अशा रुग्णांना श्रम देणे जोखमीचे ठरू शकते, असा इशारा दिला होता.

सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी सरकता पट्टा वापरात आणला आणि चाचणीचे स्वरूप पालटले. त्यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी 1.7 मैल आणि 10 टक्के चढ, दुसरा 2.5 मैल आणि 12 टक्के, तिसरा 3.4 मैल आणि 14 टक्के. 1966 मध्ये मेसन आणि लायकर यांनी हातापायांचे इलेक्ट्रोड धडावर आणून लावण्याची रीत दिली, तेव्हा चालत्या माणसाचीही पट्टी बरीच स्वच्छ येऊ लागली. या सोयीमुळे लक्ष चालण्याच्या मिनिटांकडे वळले. शिवाय आता फेऱ्या ठरलेल्या नसल्यामुळे थांबायचे कधी, हे डॉक्टरला त्या त्या क्षणी ठरवावे लागू लागले.

एसटी खंड खाली गेला असे कधी म्हणायचे, याची रीत त्याच काळात घट्ट झाली. विश्रांतीत टी लहर आणि पुढची पी लहर यांमधली सपाट रेघ पाया म्हणून घेता येते, पण नाडी वाढली की ती रेघच उरत नाही. म्हणून पी लहर संपून क्यूआरएस सुरू होण्यापूर्वीचा बिंदू पाया धरतात. त्या पायाच्या मानाने, क्यूआरएस जिथे संपतो त्या ‘जे’ बिंदूच्या पुढे 60 ते 80 मिलिसेकंदांवर, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर साधारण दोन बारीक घरे पुढे, एसटी 1 मिलिमीटर किंवा अधिक खाली असेल, तो सपाट किंवा उतरता असेल आणि सलग तीन ठोक्यांत तसाच दिसत असेल, तर तो बदल खरा मानतात. झपाट्याने वर चढणारा एसटी हा बहुधा जोरात धावणाऱ्या हृदयाचा स्वाभाविक भाग असतो. यंत्र ठोक्यांची सरासरी काढून जो गुळगुळीत आलेख देते, त्यावर विसंबू नये. हललेल्या पट्टीच्या सरासरीत खोटा उतार तयार होतो, म्हणून मूळ पट्टी पाहणे भागच आहे. आपल्या भागासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो आणि रक्तक्षय तर सर्वत्र दिसतो; रक्त कमी असताना हृदयाच्या धमन्या ठीक असूनही एसटी खाली येऊ शकतो, त्यामुळे पट्ट्यावर चढवण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहिलेले बरे.

एक उदाहरण घेऊ. चौपन्न वर्षांचा कापूस उत्पादक शेतकरी, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चढाच्या वावरात चालताना छाती दाटते अशी तक्रार, विश्रांतीतला ईसीजी आणि हिमोग्लोबिन दोन्ही ठीक, वरचा रक्तदाब 134. पट्ट्यावर तो पहिल्यांदाच चढला होता आणि समोरचा दांडा त्याने घट्ट धरला होता. “भाऊ, बोटं नुसती टेकवा, जोर देऊ नका,” असे त्याला सांगावे लागले, कारण दांड्यावर भार टाकला की रुग्ण खऱ्या ताकदीपेक्षा जास्त मिनिटे चालतो आणि त्या मिनिटांवरचा सगळा हिशेब चुकतो. पहिल्या टप्प्याअखेर रक्तदाब 156 झाला. पाचव्या मिनिटाला नाडी 128 असताना व्ही-4 ते व्ही-6 या लीडमध्ये एसटी दीड मिलिमीटर सपाट खाली आला. “छाती दाटून रायली, पण चालतो अजून,” असे तो म्हणाला. रक्तदाब 138 आला, लगेच पुन्हा मोजला तर 136.

वयानुसार कमाल नाडी 166 धरली, तर तिचे 85 टक्के म्हणजे 141; तिथवर अजून 13 ठोके बाकी होते. तेवढ्यासाठी चालवत राहणे चूक ठरले असते. श्रम वाढत असताना वरचा रक्तदाब 10 पेक्षा जास्त उतरला आणि सोबत रक्तपुरवठा अपुरा असल्याची खूण असेल, तर पट्टा थांबवायचाच, हा पक्का नियम आहे. वाढती तीव्र कळ, चक्कर किंवा तोल जाणे, त्वचा पांढरी-गार पडणे, क्यू लहर नसलेल्या लीडमध्ये एसटी 1 मिलिमीटरहून वर चढणे, खालच्या कप्प्यातून सलग वेगवान ठोके येणे आणि रुग्णाने स्वतः “थांबवा” म्हणणे, हेही त्याच नियमात बसते. एसटी नुसताच 2 मिलिमीटरहून जास्त खाली गेला तर मात्र डॉक्टरला तारतम्याने ठरवावे लागते. अशा नियमांमागे अनुभव होता. 1971 मध्ये रॉचमिस आणि ब्लॅकबर्न यांनी सुमारे 1 लाख 70 हजार चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा दर दहा हजारांमागे साधारण एक मृत्यू आढळला.

रुग्णाला झोपवले. पहिल्या मिनिटाअखेर नाडी 120 होती, म्हणजे फक्त 8 ने उतरली. कोल आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवले की हळू चालत विसावताना पहिल्या मिनिटात नाडी 12 किंवा त्याहून कमी उतरली, तर पुढील काळातला मृत्यूचा धोका जास्त असतो. लगेच झोपवले असेल तर ही मर्यादा 18 धरतात, आणि 8 हा आकडा दोन्हींत कमीच ठरतो. तिसऱ्या मिनिटाला एसटी उतरता होऊन अडीच मिलिमीटर खाली गेला आणि दहाव्या मिनिटाला पायावर आला. झोपल्यावर पायांकडचे रक्त हृदयाकडे परतते, हृदयाचा कप्पा ताणला जातो आणि त्याची रक्ताची गरज वाढते, म्हणून असा बदल विसाव्यात गडद होऊ शकतो.

1987 मध्ये ड्यूक विद्यापीठातून आलेल्या गुणांकाने हा फरक आकड्यात दिसतो. ब्रूस पद्धतीतील मिनिटांतून एसटीच्या मिलिमीटरची पाचपट आणि छातीच्या कळीच्या अंकाची चौपट वजा करायची. कळ नसेल तर अंक 0, असूनही चालता येत असेल तर 1, तिच्यामुळेच थांबावे लागले तर 2. फक्त चालतानाचा दीड मिलिमीटर धरला, तर 5 वजा 7.5 वजा 4, म्हणजे उणे 6.5, मध्यम धोका. चाचणीतला सर्वांत मोठा बदल विसाव्यासह धरायचा असतो, म्हणून अडीच घेतला की गुण उणे 11.5 होतात, आणि उणे 11 किंवा त्याखाली धोका जास्त मानतात.

कोणती धमनी अरुंद आहे, हे खाली गेलेल्या एसटीवरून सांगता येत नाही. तो बहुतेकदा व्ही-5 भोवतीच दिसतो. म्हणून नागपूरच्या चिठ्ठीत धमनीचे नाव न लिहिता चार गोष्टी लिहिल्या : पाचव्या मिनिटाला रक्तदाब उतरल्यामुळे चाचणी थांबवली, पहिल्या मिनिटात नाडी 8 ने उतरली, एसटी विसाव्याच्या तिसऱ्या मिनिटाला सर्वाधिक खाली होता, आणि तो पूर्ववत व्हायला दहा मिनिटे लागली. तिसऱ्या मिनिटाची मूळ पट्टी चिठ्ठीला टाचून अँजिओग्राफीसाठी त्याला त्याच दिवशी रवाना केले.