पैठणीचा भाव कसा ताडावा? हातमाग, यंत्रमाग आणि मीटरचा हिशेब
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दोन पैठण्या शेजारी शेजारी अंथरल्या. दोन्हींच्या पदरावर मोर, दोन्हींचा काठ नारळी, रंगही जवळपास एकच. एकीचा भाव ३,१०० रुपये आणि दुसरीचा १४,०००. हा फरक रास्त आहे की नाही, हे तुम्हाला स्वतःला ठरवता यावं म्हणून हे पत्रक. इथले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. रेशीम आणि जरीचे दर हलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

रेशीम आणि माग हे दोन वेगळे प्रश्न

बहुतेक फसगत इथेच होते. "प्युअर सिल्क आहे" असं ऐकलं की ग्राहक ती हातमागाचीच धरून चालतात. प्रत्यक्षात शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही विणली जाते, आणि हातमागाच्या साडीतही आडवा धागा कृत्रिम असू शकतो. म्हणून आधी धागा तपासा, मग विणकाम पाहा, आणि भावाकडे सगळ्यात शेवटी वळा.

शिक्क्यांचंही तसंच आहे. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो. साडी कुठल्या मागावर विणली, हे तो सांगत नाही. त्यासाठी २००६ पासूनचा हँडलूम मार्क वेगळा आहे. साडीवर एकच लेबल असेल, तर ते दोन्हींतलं कुठलं आहे ते वाचून घ्या.

धाग्याची खात्री जाळून होते. पदराच्या टोकाच्या झालरीत ताण्याचे, म्हणजे उभे धागे मिळतात. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकातून अलगद ओढून काढावा लागतो. दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण 'सेमी सिल्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांत अनेकदा एक दिशा रेशमाची आणि दुसरी पॉलिस्टरची असते. चिमट्यात धागा धरून ताटलीवर पेटवा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझतं आणि राख बोटांत चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर धागा सुती किंवा व्हिस्कोजचा आहे. आमच्या दुकानात कोणीही ग्राहक ही चाचणी मागू शकतो, विकत घेण्याआधी.

साडी हातात जड लागते म्हणून रेशीम जास्त, हा अंदाज मात्र धरू नका. जाड जर आणि खळ यांनीही वजन वाढतं.

पदर उलटा करा

हातमाग ओळखायचा तर पैठणीइतकी सोपी साडी दुसरी नाही, कारण तिच्या पदराचं विणकामच वेगळं आहे. पारंपरिक पदरात नक्षीच्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र छोटी कांडी असते. विणकर ती त्या रंगाच्या जागेपुरतीच आडवी फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत आणतो. त्यामुळे मागच्या बाजूला एकही धागा मोकळा लोंबत नाही. मोराची मान समोरून पाहा, मग पदर उलटून त्याच जागी बोट ठेवा. निळा जिथे संपून हिरवा सुरू होतो, ती रेघ दोन्हीकडे सारखीच स्वच्छ दिसली पाहिजे.

आडवा धागा वाहून नेणारा यंत्रमागाचा धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. मोराच्या मानेपुरता निळा धागा घालून तिथूनच परत फिरणं त्याला जमत नाही. म्हणून निळा धागा पूर्ण पन्ह्यातून जातो, नक्षीत वर दिसतो आणि उरलेल्या जागी मागे तरंगत राहतो. हे तरंगते धागे एकतर तसेच ठेवतात किंवा कापतात. कापलेले असले की मागे केसाळ कडा दिसतात आणि बोट फिरवल्यावर खरखरीत लागतात. काही साड्यांत ते झाकायला मागून जाळीचं अस्तर लावतात. पैठणीच्या पदराला अस्तर दिसलं, की आधी ते उचलून आत पाहा.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. येवल्यातही ब्रोकेड काठ हातमागावर, नक्षीप्रमाणे धागे उचलणारं जॅकार्ड लावून विणतात, आणि त्याच्या मागे तरंगते धागे असतात. तेवढ्यावरून साडी यंत्रमागाची म्हणणं हा विणकरावर अन्याय होईल. निकाल पदरावरून लावा, काठावरून नाही.

काठात पाहायचं ते रंगाचं. हातमागाच्या कडियल काठाला दोन्ही बाजूंना वेगळा धोटा असतो, म्हणजे अंगाचा एक आणि काठांचे दोन असे तीन धोटे चालतात. त्यामुळे काठात ताणा आणि बाणा एकाच रंगाचे राहतात आणि लाल काठ निखळ लाल दिसतो. एकाच धोट्यावर विणलेल्या साडीत अंगाचा बाणा काठातूनही जातो. हिरव्या अंगाच्या साडीचा लाल काठ मग जवळून मातकट, तपकिरी झाक मारतो.

काठाच्या कडेची भोकं मात्र पुरावा म्हणून कोणी दाखवली तर मानू नका. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची भोकं पडतात हे खरं, पण यंत्रमागावरही कापड ताणणाऱ्या दातेरी रोलरच्या बारीक खुणा उमटतात.

मीटरचा दर कुठे खरा आणि कुठे फसवा

यंत्रमागाच्या साडीला मीटरचा दर चोख लागू पडतो. कारण साधं आहे: मशीनला अंग आणि पदर सारखेच. समजा इंचाला ६० बाणे आहेत आणि माग मिनिटाला १२० बाणे मारतो. ६.२ मीटर म्हणजे २४४ इंच, म्हणजे सुमारे १४,६४० बाणे, म्हणजे चालू मागाचे दोन तास. धागा तुटणं, कांडी बदलणं धरलं तरी तीनेक तासांत साडी उतरते, पदरावर मोर असो वा नसो. मोरासाठी लागणारा वेळ डिझाइन बसवताना एकदाच जातो, आणि तो शेकडो साड्यांवर वाटला जातो.

म्हणून अशी साडी घेताना टेप लावून लांबी मोजा. २,६०० रुपयांची साडी ब्लाउजपीसशिवाय ५.२ मीटर भरली, तर मीटरला ५०० पडले. शेजारची २,९०० ची साडी ब्लाउजपीससकट ६.२ मीटर असेल, तर मीटरला ४६८ च पडतात. धागा आणि वीण सारखी असेल तर महाग वाटणारी साडीच स्वस्त आहे.

हातमागाच्या पैठणीला हाच भागाकार लावला तर गोंधळ होतो. १४,००० च्या साडीचा मीटर २,२५८ ला आणि ३२,००० च्या साडीचा ५,१६१ ला, जेव्हा दोन्हींचं अंग एकाच ताण्यावरचं, एकाच रेशमाचं असू शकतं. फरक सगळा पदरात असतो, आणि पदर मीटरवर नाही, दिवसांवर मोजावा लागतो.

दिवसांचा हिशेब, आकड्यांसह

१४,००० ची साडी घेऊ. अंग बारीक बुट्टीचं, रोज अर्धा मीटर धरलं तर दहा दिवस. पदर १८ इंचांचा, नक्षी सुटसुटीत, रोज तीन इंच, म्हणजे सहा दिवस. एकूण सोळा.

आता माल. तयार साडीत ४०० ग्रॅम रेशीम आहे असं धरा. कच्च्या रेशमावरचा डिंक रंगवण्याआधी उकळून काढतात आणि त्यात सुमारे पाव वजन जातं, म्हणून ४०० ग्रॅमसाठी साधारण ५३० ग्रॅम कच्चं रेशीम लागतं. किलोला ५,००० धरले तर २,६५० रुपये. जर, उकळणं आणि रंगाई मिळून १,१५० धरा. माल झाला ३,८०० चा. कर, व्यापारी आणि दुकान यांचे ३,५०० काढले, तर विणकाम, ताणा जोडणी आणि कांड्या भरणं यांना ६,७०० उरतात. सोळा दिवसांनी भागले की रोजचे ४१९. भाव पटण्यासारखा आहे.

हीच रीत '५,००० रुपयांत हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी' अशा दाव्याला लावा. ३,८०० मालाचे गेले की १,२०० उरतात. दुकानाने एक रुपयाही घेतला नाही तरी सोळा दिवसांचे दिवसाला ७५ रुपये पडतात. या पैशात कोणी मागावर बसत नाही. म्हणजे रेशीम शुद्ध नाही, किंवा माग हाताचा नाही, किंवा दोन्ही नाही. साडी पाहण्याआधीच एवढं कळतं.

आता ३२,००० ची. अंग तेच, पण पदर ३६ इंचांचा, दाट नक्षीचा, रोज जेमतेम एक इंच होणारा. पदराचे दिवस सहावरून छत्तीसवर गेले, म्हणजे तीस दिवस वाढले. भावातला फरक १८,००० चा. वाढीव जर आणि रेशीम १,५००, वाढीव कर आणि दुकानी खर्च ४,५०० वजा केले, की १२,००० राहतात. तीस दिवसांचे रोज ४००. हा फरकही रास्त. पण पदराची लांबी तेवढीच, नक्षी तेवढीच सुटसुटीत आणि तरी भाव १८,००० ने जास्त असेल, तर कारण विचारा. एक खरं कारण जरीचं असू शकतं. रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि त्यावर सोन्याचा मुलामा असलेली जर ही तांब्याच्या तारेच्या 'टेस्टेड' जरीपेक्षा कितीतरी महाग असते. टेस्टेड जर नखाने किंवा पिनेने खरवडली की तांबूस रंग दिसतो. प्लास्टिकची जर जाळल्यावर पॉलिस्टरसारखाच मणी होतो.

नऊवारी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सहावारीच्या भावाला दीडने गुणून नऊवारीचा भाव होत नाही. वाढतं ते अंग, पदर तेवढाच राहतो. हातमागाच्या नऊवारीत वाढीव भाव वाढलेल्या मीटरचा, अंगाच्या दरानेच असावा.

यंत्रमागाची केव्हा घ्यावी

लग्नात द्यायच्या दहा-बारा साड्या, रोज वापरायची, किंवा शाळेच्या कार्यक्रमाला लागणारी साडी यंत्रमागाची घेण्यात काहीच कमी नाही. वीण एकसारखी येते आणि रंग जुळवून हव्या तितक्या मिळतात. कापलेल्या धाग्यांचा पदर असेल तर घासून धुऊ नका, कारण बुट्ट्यांतले धागे तिथूनच सुटतात. आमची हरकत एवढीच, की ती यंत्रमागाची म्हणूनच आणि त्याच भावात विकली जावी.

बिलावर काय लिहून घ्याल

नुसतं 'पैठणी साडी १ नग' असं बिल घेऊ नका. हातमाग की यंत्रमाग, ताणा कशाचा, बाणा कशाचा, जर कोणती आणि ब्लाउजपीससकट लांबी किती, या पाच गोष्टी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. आमच्याकडे त्या न मागता लिहिल्या जातात. दुसरीकडे घेताना दुकानदार तोंडी सगळं सांगतो पण लिहायला टाळतो असं दिसलं, तर ती साडी यंत्रमागाच्या भावातच मागा.