मडक्याला टिचकी, व्हीलला टिचकी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भोसरीतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. फिरत्या चाकावर धातू घासणाऱ्या पेडेस्टल ग्राइंडरवर लिंबू-मिरची टांगलेली होती आणि शेजारच्या भिंतीवर ‘जॉब सेफ्टी ॲनालिसिस’चा कागद. काम : ग्राइंडिंग व्हील बदलणे. धोका : अपघात. उपाय : काळजी घेणे. लिंबू आणि कागद, दोघांची संरक्षणशक्ती मला सारखीच वाटली.

अशा कागदात तीन रकाने असतात : कामाची पायरी, त्या पायरीतला धोका आणि त्यावरचा उपाय. ‘अपघात’ हा धोका नव्हे, तो परिणाम. काय फुटेल, कशाने फुटेल हे लिहिलं तरच उपाय सुचतो. म्हणून आम्ही तो कागद नव्याने लिहायला घेतला, आणि नवीन व्हील खोक्यातून काढण्याच्या पायरीवरच अडकलो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मित्राचं व्हील 200 मिलिमीटर व्यासाचं, मोटर मिनिटाला 2880 फेरे घेणारी. म्हणजे व्हीलचा काठ सेकंदाला सुमारे 30 मीटर, ताशी जवळजवळ 108 किलोमीटर वेगाने पळतो. सरळ पळला असता तर फारसं बिघडलं नसतं, पण त्याला सतत वळावं लागतं. काठावरच्या 10 ग्रॅमच्या तुकड्याला गोलात धरून ठेवायला नऊ किलोंहून जास्त वजनाइतका जोर लागतो. हा जोर व्हीलच्या आतल्या बंधाने पुरवायचा. या व्हीलमध्ये बंध म्हणजे कणांना धरून ठेवणारी, भट्टीत भाजलेली काचेसारखी माती. ती दाब चांगला सोसते, ताण फारसा नाही. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो, म्हणून व्हीलवर छापलेला कमाल वेग मोटरच्या वेगाहून जास्त आहे ना, हे आधी वाचायचं.

हा ताण सगळ्यात जास्त कुठे असतो? मला वाटायचं काठावर. तो असतो मधल्या भोकाच्या कडेला. तिथली तडा गेलेली जागा व्हीलला बाजूने दाबून धरणाऱ्या चकतीखाली, म्हणजे फ्लँजखाली झाकली जाते, डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून कानांनी तपासायचं. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. व्हील भोकातून दांडीवर टांगायचं, उभ्या मध्यरेषेपासून 45 अंशांवर, काठापासून दोन-पाच सेंटीमीटर आत, स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवायचं, मग 45 अंश फिरवून पुन्हा. चांगलं व्हील स्वच्छ वाजतं. तडा असेल तर कंपनं तिथेच विरतात आणि आवाज बद्द येतो. ओलं किंवा भुशाने माखलेलं व्हीलही बद्द वाजतं, म्हणून आधी कोरडं आणि स्वच्छ करायचं. रेझिन-बंधाच्या व्हीलचा नाद मुळातच मंद असतो. तिथे कान फसू शकतो.

बाकीच्या पायऱ्या भराभर झाल्या. वीज मेन स्विचला बंद करून कुलूप लावायचं. नुसतं बटण बंद करणं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी चालू करायची वाट बघणं. मोटरच्या दांडीच्या डाव्या टोकाच्या नटाला उलटे आटे असतात, नाहीतर चालू होताना तो सैल होईल. नवीन व्हील त्या दांडीवर सहज सरकायला हवं, ठोकून बसवायचं नाही. दोन्ही बाजूंना सारख्या मापाच्या फ्लँज आणि मध्ये जाड कागदाचे ब्लॉटर ठेवायचे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. फिटर नट ‘अजून एक झटका’ देऊन आवळतात, तिथेच नवा तडा जातो. घासायची वस्तू टेकवायचं टूल रेस्ट व्हीलपासून 3 मिलिमीटरपेक्षा लांब नको, कारण त्या फटीत ती वस्तू खेचली गेली की अडकते आणि व्हील फुटतं. व्हील झिजलं की फट वाढते, तेव्हा पुन्हा सरकवायचं, अर्थात व्हील थांबवून.

“चष्मा कुठे लिहायचा?” मित्राने विचारलं. लिहायचाच, पण सगळ्यात शेवटी. व्हील फुटलंच तर तुकडे अडवतो व्हीलभोवतीचा गार्ड. चष्मा कण अडवतो.

शेवटची पायरी चाचणीची. गार्ड जागेवर ठेवून व्हील किमान एक मिनिट रिकामं फिरवायचं आणि माणसाने समोर नाही, बाजूला उभं राहायचं. मेस्त्री हसला, “एवढं वाजवून बघितल्यावर परत कशाला?” टिचकीत व्हील स्थिर असतं, तिथे फिरण्याचा ताण नसतो, हे त्याला सांगितलं. त्यावर त्याने स्वतःच एक ओळ सुचवली, ती आम्ही तशीच लिहिली : व्हील हातातून पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं, नाहीतर फेकायचं.

लिंबू-मिरची मित्राने तशीच ठेवली. फक्त गार्डवरून काढून खिडकीला बांधली, कारण तिचा दोरा दांडीच्या दिशेने लोंबत होता. तो धोका मात्र कागदावर लिहिला.